सहाचं पाणी, नऊची वीज

आमच्या वाडीतली विहीर मे महिन्यात मचूळ झाली ती माझ्यामुळे. उन्हाळ्यात किनाऱ्यावरच्या विहिरी मचूळ होतातच, असं शेजारी समजुतीने म्हणाले. पण ती एरवी जूनच्या तोंडाशी होते तशी जराशी नव्हे, मेच्या पहिल्याच पंधरवड्यात झाली आणि त्याचं कारण माझं घरकामाचं वेळापत्रक होतं.

मुरूडला आमच्या आळीत नळाला पाणी येतं सकाळी सहा ते सात. ते नवाबांच्या काळातल्या गारंबी धरणाचं, पिण्याला गोड. वीज एरवी असते, पण देखभालीच्या दिवशी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच बंद असते आणि तसं आदल्या दिवशी कळवलं जातं. म्हणजे पाणी सहाला आणि वीज नऊपर्यंत, मधे दोन मोकळे तास. एवढ्या वेळात सगळं बसेल असं मी धरून चालले होते.

पहिली चूक मोजण्यातली. तासभर नळ म्हणजे तासभर पाणी, असं मी मानलं होतं. एका सकाळी पंधरा लिटरची बादली आणि घड्याळ घेऊन नळाशी बसले. आमचं घर लाइनच्या शेवटी आणि जरा उंचावर आहे. पहिली वीस मिनिटं नळातून नुसती हवा येत होती. मग बादली भरायला तीन मिनिटं लागू लागली. साडेसहानंतर, खालच्या घरांच्या टाक्या भरून त्यांचे फ्लोट बंद झाले, तेव्हा कुठे दीड मिनिटात बादली भरू लागली. हिशेब केला तर सगळ्या तासात जेमतेम साडेतीनशे लिटर. घरात पाच माणसं. पिणं, स्वयंपाक, आंघोळी यातच ते संपतं. धुणं, संडास, गुरांची न्हाणी, माड-पोफळींचं शिंपणं हे सगळं विहिरीवर.

आणखी एक गोष्ट मला उशिरा उमगली. नळाचं पाणी पडतं जमिनीखालच्या टाकीत. गच्चीवरच्या टाकीत चढेपर्यंत ते घरात आलेलं नसतं आणि चढवायला मोटर लागते. एकदा मी सातला टाकी भरली म्हणून निर्धास्त झाले, साडेआठला धुण्याचं मशीन लावलं. नऊला लाइट गेली तेव्हा कपडे साबणात, मशीनचं दार बंद, गच्चीवरची टाकी रिकामी आणि सगळं पाणी पायाखाली. सासूबाईंनी झाकण उघडून दोरीने बादल्या काढल्या, त्यांच्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं. तेव्हापासून क्रम बदलला. आधी मोटर, मग मिक्सरवरचं वाटण, मग इस्त्री, म्हणजे जे विजेवाचून होतच नाही ते. भांडी, फरशी, आंघोळी नऊनंतर, कारण गच्चीवरून पाणी आपोआप उतरतं.

इथवर चुका घरापुरत्या होत्या. विहिरीची चूक वेगळी.

3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कित्येक आठवडे वीज नव्हती. लाइट जाणार म्हटलं की जमेल तेवढं पाणी साठवायचं, ही सवय तेव्हापासून लागली. म्हणून देखभालीच्या दिवशी मी सातला विहिरीवरची मोटर लावायची ती थेट नऊला लाइट जाईपर्यंत. पिंपं, न्हाणीचा हौद भरायचा, उरलेलं पाणी पोफळींना. संध्याकाळी पाचला लाइट आली की पुन्हा तेच.

आमची विहीर दोन मीटर व्यासाची. एक मीटर पातळी म्हणजे सुमारे 3,100 लिटर. मोटर तासाला तीनएक हजार लिटर ओढते. दोन तासांत सहा हजार. झऱ्यांनी मधे जे भरलं ते सोडून पातळी दीड मीटरच्या वर उतरायची आणि तळ दिसायला लागायचा. पाणी पुन्हा चढतं आहे ना, एवढंच मी पाहत होते. ते कुठून चढतं आहे हे पाहिलं नाही.

किनाऱ्याच्या वाळूत पावसाचं गोड पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते किंचित हलकं आहे. समुद्रपातळीच्या वर गोड पाणी एक वीत असेल, तर त्याच्या खाली ते साधारण चाळीस वीत असतं. वरची पातळी एक वीत उतरवून ठेवली, तर खालचं खारं चाळीस वीत वर यायला बघतं. ते लगेच येत नाही, पण जिथे जोराने उपसा चालू आहे तिथे ते शंकूसारखं वर चढतं. आणि एकदा चढलं की मोटर बंद केल्याने लगोलग खाली बसत नाही, त्याला पाऊस लागतो.

खुणा आधीपासून दिसत होत्या. साबणाला फेस येईना, डाळ शिजायला वेळ लागू लागला. मी डाळीला दोष दिला. जीभ सांगेपर्यंत थांबले हेच चुकलं. टीडीएस मीटर आता माझ्या स्वयंपाकघरात आहे. पिण्याच्या पाण्यात 500 पर्यंत इष्ट आणि दुसरा स्रोत नसेल तर 2,000 पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक सांगतं. समुद्राचं पाणी 35,000 च्या आसपास. म्हणजे शंभर तांब्यांत समुद्राचे दोन तांबे मिसळले तरी आकडा सातशेने वाढतो.

सगळ्यात वाईट म्हणजे ते खारं पाणी माझ्या एकटीच्या विहिरीत चढलं नाही. गडग्यापलीकडच्या काकींची विहीर आमच्यापासून वीसेक पावलांवर. त्या अजून रहाटानेच पाणी काढतात आणि त्यांचंही पाणी मचूळ झालं. त्या मला काही बोलल्या नाहीत. मीच त्यांच्या ओटीवर जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, “अगो, हाताने काढताना दमायला होतं ना, तेवढ्यात विहीर भरते.” त्यांच्या दोन लहान पोफळी त्या उन्हाळ्यात करपल्या. पोफळीला खारं पाणी माडाइतकं सोसत नाही. नवी रोपं मी आणून दिली, पण पोफळ धरायला पाच-सहा वर्षं जातात.

दुसरी गोष्ट आळीची. नऊच्या आधी आणि पाचनंतर सगळ्यांच्याच मोटरी एकदम चालू होतात. सगळ्या विहिरी एकाच वेळी उतरतात आणि व्होल्टेजही उतरतं. मोटर गुंगुं करते, फिरत नाही. अशा वेळी ती चालू ठेवली तर कॉइल जळते. आमची तशीच जळली. वायरमनदादांनी सांगितलं ते साधं आहे. आवाज चढला नाही तर लगेच बंद करायची आणि लाइट आल्यावर अर्धा तास थांबायचं.

आता विहिरीवर मोटर लावते ती पंधरा मिनिटं, मग तासभर बंद, तीही देखभालीच्या आदल्या दिवशी, दिवसभरात विभागून. फूटव्हॉल्व्ह तळापासून हातभर वर घेतला आहे, म्हणजे पातळी फार उतरली की मोटर हवा ओढते आणि मला थांबावंच लागतं. कठड्याच्या आत चुन्याची रेघ मारली आहे, तिच्याखाली पाणी गेलं की त्या दिवशी शिंपणं बंद. पिंपं दोनच ठेवली आहेत आणि ती आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून, सुकवून भरते, कारण डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात.

एप्रिलपासून दर सोमवारी दोन्ही विहिरींचा आकडा काकींच्या कॅलेंडरवर लिहायचा, असं आमचं ठरलं आहे. त्यांच्याकडचा वाढला, तरी मोटर माझी बंद होते.