ब्रीद आणि कसोटी

‘आमचे ध्येय केवळ नफा नव्हे, तर समाजहित’ असे हल्ली साबणवाल्यापासून मोटारवाल्यापर्यंत सारेच म्हणू लागले आहेत. हे ब्रीद खरे की नुसती घोषणा, याचा निवाडा कसा करावा? फोक्सवॅगन या जर्मन मोटार कंपनीचे उदाहरण या कामी बोधप्रद आहे.

ही कंपनी अमेरिकेत आपल्या डिझेल मोटारी ‘स्वच्छ डिझेल’ म्हणून विकीत असे. हा दावा वरवर पोकळ नव्हता. प्रयोगशाळेत मोटारीची चाके फिरत्या रुळांवर चालवून धूर मोजला की तो मर्यादेच्या आत भरे. परंतु २०१३ साली वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजण्याचे यंत्र मोटारीतच ठेवले आणि ती खऱ्या रस्त्यावर चालविली. तेव्हा एका मोटारीतून नायट्रोजन ऑक्साइड हा अपायकारक वायू मर्यादेच्या १५ ते ३५ पट निघाला. पुढे १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकन सरकारने कंपनीवर जाहीर ठपका ठेवला आणि जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख मोटारींत ही लबाडी असल्याचे कंपनीस कबूल करावे लागले.

लबाडी अशी होती. सुकाणूचे चक्र हलते की नाही इत्यादी खुणांवरून मोटारीतील संगणक परीक्षा चालू आहे हे ओळखी आणि तेवढ्यापुरती धूर शुद्ध करणारी यंत्रणा पूर्ण चालवी. शिक्षणखात्याचे साहेब तपासणीस यावयाचे त्या दिवशी ब्रह्मपुरीतल्या शाळेचा व्हरांडाही आरशासारखा होतो. त्यावरून तो वर्षभर तसाच असतो, असे कोणताही मास्तर म्हणणार नाही.

मग असे का केले? ती यंत्रणा सदोदित चालविल्यास, मोटारीच्या प्रकाराप्रमाणे, इंधन तरी अधिक लागते किंवा धूर शुद्ध करणारे द्रावण तरी. ब्रीद पाळण्यास खर्च होता. तो टाळला गेला. घोषणा व ध्येय यांतील भेद नेमका येथे दिसतो.

आपल्याकडेही पुण्याच्या ‘एआरएआय’ या संस्थेने रस्त्यावर चाचण्या घेतल्यावर प्रयोगशाळेतील व रस्त्यावरील धुरात तफावत आढळली. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने ३ लाख २३ हजार ७०० मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलाविण्याचे जाहीर केले. रस्त्यावरील परीक्षेचे बंधन मात्र आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून आले.

येथे एक विवेक हवा. रस्त्यावर धूर अधिक निघाला म्हणजे लबाडी सिद्ध झाली, असे नाही; अन्य कंपन्यांच्या अनेक मोटारींतही तसा फरक आढळला होता. परीक्षा ओळखून वर्तन बदलणे, हे लबाडीचे लक्षण.

घरात असे यंत्र कोठून असणार? परंतु तीन प्रश्न कोणासही विचारता येतात. दावा मोजता येण्याजोगा आहे काय? तो कंपनीखेरीज दुसऱ्या कोणी, तिला नकळत, मोजला आहे काय? आणि तो पाळताना कंपनीने कोणता लाभ सोडला? तिसऱ्या प्रश्नास उत्तर न मिळाल्यास ते ब्रीद जाहिरातीच्या खात्यात मांडावे.