साखळी सरळ का होत नाही?

आमच्या शाळेच्या फाटकाला दारं नाहीत. दोन विटांचे खांब आहेत आणि त्यांच्यामध्ये एक लोखंडी साखळी. गावातल्या मोटारसायकली मधल्या सुट्टीत मैदानातून जाऊ नयेत म्हणून ती लावलेली. खांबांवरचे दोन्ही हूक जमिनीपासून सारख्याच उंचीवर होते, पण मधोमध साखळी एवढी लोंबायची की पहिली-दुसरीची पोरं तिच्यावर बसून झोके घ्यायची. मला ते आवडत नव्हतं. एक तर कुणीतरी पडणार, आणि दुसरं म्हणजे ते दिसायचं कसं! शाळेच्या तोंडाशी अशी ढगळ साखळी.

२०२३ च्या जानेवारीत, सव्वीस तारखेच्या तयारीत, मी ती ताणायचं ठरवलं. लोहारकाकांनी टर्नबकल आणून दिलं. ही एक लोखंडी चौकट असते. तिच्या दोन्ही टोकांना उलटसुलट आट्यांचे स्क्रू असतात. चौकट फिरवली की दोन्ही स्क्रू आत येतात आणि साखळी ओढली जाते. जास्तीच्या कड्या काढून टाकल्या, टर्नबकल अडकवलं आणि भर दुपारी सळई घालून मी ते फिरवत बसले. पोरं दोरी धरून झोळ मोजत होती. “बाई, दहा सेंटिमीटर राहिला!” मला चेव आला. आणखी एक फेरा मारला. “बाई, पाच!” आता मात्र सळई हलेना. लांबून बघितलं तर साखळी अगदी पट्टीनं आखल्यासारखी. मी खूश होऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला आले तर डाव्या खांबावर हूकच नव्हता. गिलाव्याचा आणि विटेचा हा एवढा तुकडा घेऊन तो आत चार-पाच पावलांवर पडला होता, आणि साखळी जमिनीवर. पहिलीची मुलं रोज तिथंच, खांबाला टेकून, घंटेची वाट बघत उभी राहतात. त्या दिवशी थंडी कडाक्याची होती म्हणून ती उशिरा आली, एवढंच.

वीजमंडळाचे वायरमन समोरच्या खांबावर काम करत होते. ते खाली उतरून आले, खांबाचं भोक बघितलं आणि म्हणाले, “बाई, झोळ किती ठेवला होता?” मी अभिमानानं नव्हे, पण खरं सांगितलं, “पाच सेंटिमीटर.” ते हसले नाहीत. म्हणाले, “आम्ही तार ओढताना झोळ राखूनच ओढतो. थंडीत तार आखडते. झोळ नसेल तर ती खांबाला ओढते.”

ते गेले, पण मला काही चैन पडेना. साखळी तर पूर्वीचीच, उलट कड्या काढल्यानं थोडी हलकीच झालेली. मग हूकवर एवढा ताण आला कुठून?

आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. खांबांमधलं अंतर ६ मीटर. काढलेल्या कड्या पुन्हा जोडल्यावर साखळी ६ मीटर २० सेंटिमीटर. किराणा दुकानातल्या काट्यावर तिचं वजन भरलं १२.४ किलो, म्हणजे मीटरला २ किलो. दुसरा हूक पक्का बसवून साखळी पूर्वीसारखी सैल टांगली. झोळ भरला ६८ सेंटिमीटर. मग एका टोकाला ताणकाटा अडकवला. काटा १५ किलोच्या जरा अलीकडे थांबला.

सातवीतली एक मुलगी लगेच म्हणाली, “बाई, निम्मं वजन तर ६.२ किलोच आहे. मग १५ कसे?”

प्रश्न अगदी बरोबर होता. साखळी मधोमध कापली असं मनात आणा आणि फक्त उजवा अर्धा भाग बघा. त्याच्यावर तीन ओढे आहेत. वजन खाली ओढतं, ६.२ किलो. तळाशी डावा अर्धा भाग त्याला आडवा ओढतो. आणि वरच्या टोकाला हूक तिरका ओढतो. हूकच्या तिरक्या ओढ्याला दोन्ही कामं एकट्यानं करायची असतात, वजन उचलणं आणि आडवा ओढा थोपवणं. हे तिन्ही ओढे काटकोन त्रिकोणाच्या बाजूंसारखे बसतात आणि टोकाचा ओढा हा त्यातला कर्ण. म्हणून टोकाच्या ओढ्याचा वर्ग वजा तळाच्या ओढ्याचा वर्ग बरोबर वजनाचा वर्ग, म्हणजे ६.२ गुणिले ६.२, अर्थात ३८.४४. (इथं ओढाही मी किलोतच मोजते आहे. मोठ्या वर्गातल्या मुलांनी ९.८ नं गुणून न्यूटन करावेत.)

पण एका समीकरणात दोन अज्ञात राशी. दुसरी गोष्ट मला एका जुन्या पुस्तकात सापडली आणि ती इतकी साधी आहे की मी दोनदा वाचली. समजा, वरचं टोक आपण साखळीच्या वाटेनंच एक सेंटिमीटर ओढलं. तळाचं टोकही तिच्याच वाटेनं एक सेंटिमीटर पुढं सरकेल. मधली साखळी होती तशीच दिसेल. फरक काय पडला? तळाचा एक सेंटिमीटर तुकडा जणू उचलून वरच्या टोकाला नेऊन ठेवला. तो झोळाएवढा वर चढला. त्याला चढवण्याचा जो भार, तेवढाच टोकाचा ओढा तळाच्या ओढ्यापेक्षा जास्त. म्हणजे झोळाएवढ्या लांबीची साखळी सरळ टांगली तर तिचं जे वजन भरेल, तेवढाच फरक. आपला झोळ ०.६८ मीटर, मीटरला २ किलो, म्हणून फरक १.३६ किलो.

आता आठवीतलं सूत्र आठवा. वर्गांचा फरक म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. ३८.४४ ला १.३६ नं भागलं की दोन्ही ओढ्यांची बेरीज मिळते, २८.२६. बेरीज आणि फरक माहीत झाल्यावर उरलं काय? २८.२६ अधिक १.३६, भागिले दोन. टोकाचा ओढा १४.८ किलो. ताणकाट्यानं तेच दाखवलं होतं! पोरांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा.

हेच एका ओळीत लिहायचं तर अर्ध्या साखळीची लांबी ल, झोळ झ आणि मीटरचं वजन व धरा.

ओढा = व × (ल² + झ²) ÷ (२ × झ)

यात झोळ भागाकारात आहे, आणि माझी चूक तिथंच दडलेली होती. झोळ १० सेंटिमीटर असताना अर्धी साखळी जवळजवळ ३ मीटर, वजन ६ किलो, वर्ग ३६. फरक फक्त ०.२ किलो. ३६ ला ०.२ नं भागा, १८०. ओढा झाला ९० किलो. झोळ ५ सेंटिमीटर केला की फरक ०.१ आणि ओढा १८० किलो. माझ्या शेवटच्या एका फेऱ्यानं हूकवरचा भार दुप्पट केला होता. १ सेंटिमीटरपर्यंत गेले असते तर हिशेबानं ९०० किलो. आणि अगदी शून्य? अगदी आडवा ओढा वजनाला कणभरही वर उचलू शकत नाही. मग ते ६ किलो पेलणार कोण? म्हणून साखळी सरळ होतच नाही. ती सरळ दिसते तेव्हासुद्धा थोडी लोंबतेच.

आता थंडीचं कोडं. सूत्राला झोळ लागतो, पण साखळी टांगायच्या आधीच झोळ काढायचा असेल तर? उथळ झोळासाठी एक जवळपासचा नियम आहे. खांबांमधल्या अंतरापेक्षा साखळी जेवढी जास्त लांब, ती जादा लांबी अंतरानं गुणा, तीन-अष्टमांश करा आणि वर्गमूळ काढा. आमची जादा लांबी २० सेंटिमीटर, म्हणजे ०.२ मीटर. ६ गुणिले ०.२ म्हणजे १.२, त्याचे तीन-अष्टमांश ०.४५, वर्गमूळ ०.६७ मीटर. प्रत्यक्षात होते ६८ सेंटिमीटर, नियम एका सेंटिमीटरनं चुकला. चालतंय.

हाच नियम उलटा लावला आणि मी चकित झाले. ५ सेंटिमीटर झोळासाठी जादा लांबी किती लागते? जेमतेम १.१ मिलिमीटर. एवढा डोळ्यांत भरणारा झोळ, आणि साखळी पोस्टकार्डाच्या जाडीच्या दोन-चार पटींनीच लांब! आता सहा मीटर लोखंड १५ अंशांनी थंड झालं की सुमारे १ मिलिमीटर आखडतं. मी भर दुपारच्या उन्हात ताणली, पहाटे ती गारठली, आणि होती नव्हती ती सगळी जादा लांबी थंडीनं खाऊन टाकली. कागदावर तर ओढा हजारांत जातो. खरी साखळी मात्र थोडी ताणते, कड्या एकमेकींत घट्ट बसतात, खांबही किंचित झुकतात, म्हणून तितका होत नाही. पण आमच्या हूकला तितक्याची गरजही नव्हती.

जादा लांबीचा नियम खोल झोळाला लावू नका. खांबांत ६ मीटर अंतर आणि साखळी १२ मीटर असेल, तर तो ३.६७ मीटर सांगतो, पण खरा झोळ निघतो ४.७८. कारण तो नियम उथळ झोळासाठीच जवळपास बरोबर आहे. शिवाय तो आकाराला पॅराबोला समजतो आणि साखळीचा आकार पॅराबोला नसतो. ही चूक पुष्कळ जण करत. १६४६ साली ख्रिस्तियान हायगेन्स नावाच्या डच मुलानं ती दाखवून दिली, तेव्हा तो १७ वर्षांचा होता. खरा आकार कोणता हे १६९१ मध्ये त्यानं, लायब्निट्झनं आणि योहान बर्नुलीनं सोडवलं. त्या आकाराला कॅटेनरी म्हणतात, लॅटिनमधल्या साखळीच्या शब्दावरून. वर्गांच्या फरकाचं आपलं सूत्र मात्र खोल झोळालाही तंतोतंत लागू पडतं. फक्त साखळीवर कुणी बसलेलं नको. मधोमध मूल बसलं की तिथं कोन पडतो आणि हिशेब बदलतो.

मग आम्ही झोळ ४० सेंटिमीटर ठरवला. साखळी ६ मीटर ७ सेंटिमीटर ठेवली, ओढा साडेतेवीस किलोच्या आत आला. हूक आता गिलाव्यात नाही, खांबातून आरपार घातलाय आणि मागून चकती लावून नट आवळलाय. टर्नबकल मी काढून कपाटात ठेवलं. झोके मात्र थांबले नाहीत. शेवटी हूकच दीड वीत वर चढवले. आता पहिलीच्या पोरांचे पाय जमिनीवरून उचलत नाहीत, म्हणून ती नुसती साखळीला लोंबकळून उभी राहतात.