सलग मजकूर

भाचीने निबंध पाठवला. विषय होता अब्बांचा यंत्रमाग. जवळजवळ सहाशे शब्द, पण पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत एकही परिच्छेद नाही. "मामू, कसा झालाय सांगा," एवढंच खाली लिहिलं होतं.

पूर्वी एकाचा असाच लेख मी स्वतःच तोडून, नीट मांडून परत दिला होता. त्याचा पुढचा लेखही सलगच आला. चूक माझी होती. तोडायचं कुठे हे मी ठरवलं होतं, त्याने नाही.

म्हणून या वेळी निबंध छापून घेतला आणि भाचीच्या हातात पेन्सिल दिली. म्हटलं, "मोठ्याने वाच. वेळ बदलली, जागा बदलली, किंवा एक गोष्ट संपून दुसरी सुरू झाली की तिथे रेघ मार." ती आधी दर पाच-सहा ओळींनी रेघ मारायला लागली. मी थांबवलं. ओळी मोजून परिच्छेद होत नाही, अर्ध्यात तुटलेलं बोलणं होतं.

पुन्हा वाचलं. पाच रेघा पडल्या, सहा तुकडे झाले. मग प्रत्येक तुकड्यासमोर, तो कशाबद्दल आहे, हे दोन-तीन शब्दांत लिहायला सांगितलं. तिने लिहिलं: मागाचा आवाज, अब्बांचा दिवस, मंदी, माग विकला, अम्मीची शिलाई, मागाचा आवाज.

पहिला आणि शेवटचा तुकडा एकच निघाला. ते तिचं तिलाच दिसलं. शेवटच्यातली दोन चांगली वाक्यं तिने वर नेली, बाकीची खोडली.

माझं लक्ष मात्र चौथ्या तुकड्यावर होतं. त्यात एकच वाक्य होतं: मग अब्बांनी माग विकला. सलग मजकुरात ते मंदी आणि शिलाईच्या मधून निसटून गेलं होतं. मीही पहिल्या वाचनात त्यावर थांबलो नव्हतो. आता ते एकटं उभं होतं.

मी विचारलं, "त्या दिवशी तू कुठे होतीस?"

ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "घरीच होते. माग टेम्पोत चढवला. त्या रात्री अब्बांना झोप लागली नाही. म्हणाले, आवाज नाही तर झोप कशी येणार?"

"हे का नाही लिहिलंस?"

"लिहिताना तिथे थांबायचं नव्हतं, मामू."

मी पुढे काही बोललो नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या बऱ्याच चुका होत्या, त्या दिवशी त्यांचा विषय काढला नाही.

दोन दिवसांनी नवा निबंध आला. पाच परिच्छेद. टेम्पो आला होता, ती रात्रही आली होती. निबंध आता अब्बांच्या त्या वाक्यावर संपत होता.