डॉक्टरबाईंचं एक पान

नानांच्या तब्येतीच्या नोंदी आमच्या घरात कुठे कुठे नव्हत्या! फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी फ्रिजवर, वजनाचे आकडे कालनिर्णयच्या चौकोनांत, स्मरणशक्तीच्या चाचणीचा कागद फायलीत. शिवाय रात्रपाळीला येणाऱ्या मावशींची वही. ते सगळं पिशवीत कोंबून मी वृद्धांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी त्यातून जे एक पान तयार केलं, त्याचं देणं मी आजवर फेडू शकलेले नाही.

तोवर प्रत्येक कागद आपापल्या जागी खराच होता. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं; याला बारा सेकंदांच्या वर लागले की पडण्याचा धोका धरतात. नानांना १९ लागले होते. दुसऱ्या कागदावर ‘स्मृतिभ्रंश?’ असं प्रश्नचिन्हासकट लिहिलेलं. तिसऱ्यावर उदासीच्या प्रश्नावलीचे १५ पैकी ७ गुण. पाचच्या पुढे गेलं की लक्ष द्यावं लागतं. एक्क्याऐंशी वय म्हटल्यावर कुणी फार खोलात शिरत नव्हतं.

बाईंनी कोऱ्या पानाच्या डाव्या कडेला आधी नुसत्या तारखा लिहिल्या. चालणं, स्मरण, मन, आहार हे रकाने नंतर आखले. प्रत्येक नोंदीपुढे ती कुणी केली तेही लिहिलं. माझ्या भावाने लिहिलं होतं, ‘जेवण ठीक’. त्याच आठवड्यात मावशींच्या वहीत होतं, ‘अर्धी पोळी ठेवली, तोंड कोरडं म्हणतात’. बाईंनी दोन्ही ठेवलं आणि शेजारी कालनिर्णयवरचं वजन मांडलं : जानेवारीत ६१ किलो, ऑगस्टमध्ये ५५. मग कुणाचं खरं, हे विचारायची वेळच आली नाही. स्मरणाच्या चाचणीपुढे त्यांनी लिहिलं, ‘कानातलं यंत्र नव्हतं, ग्राह्य नाही, पुन्हा करणे’. जे कुणीच पाहिलं नव्हतं तिथला चौकोन रिकामा सोडला. अंदाजाने भरला नाही, हे मला फार आवडलं.

नंतर त्यांनी औषधांच्या दुकानाची बिलं मागितली. ती माझ्याकडे होती, कारण आमच्याकडे बिल टाकायची पद्धतच नाही. बिलांवरच्या तारखा त्या रांगेत बसल्या आणि गोष्ट उलगडली. पायांची आग होते म्हणून मार्चमध्ये रात्रीची अमिट्रिप्टिलिन सुरू झाली. या गोळीने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, डोकं जड राहतं, लघवी अडते. मे महिन्यात लघवी अडली. ती प्रोस्टेटची समजून दुसऱ्या एका डॉक्टरांनी जूनमध्ये टॅमसुलोसिन दिली. ती उभं राहताना रक्तदाब खाली आणू शकते. पहिलीही तेच करते. जूनच्या अखेरीस नाना पहिल्यांदा पडले, नंतर आणखी दोनदा. मावशींच्या वहीत तिन्ही पडण्यांच्या वेळा होत्या : तिन्ही पहाटेच्या, तिन्ही अंथरुणातून उठून बाथरूमकडे जाताना.

“यांचा रक्तदाब उभ्याने कुणी घेतलाय का?” बाईंनी विचारलं. रिकामा चौकोन नेमका तोच होता. सगळ्यांनी बसवून घेतला होता आणि सगळ्यांचा चांगला आला होता. त्यांनी नानांना पाच मिनिटं आडवं ठेवलं : वरचा आकडा १४४. उभं केल्यावर तिसऱ्या मिनिटाला ११२. वीसची घट झाली तरी ती दोष मानतात.

अमिट्रिप्टिलिन एकदम बंद केली नाही, टप्प्याटप्प्याने उतरवली. मग लघवी सुटी होते का ते पाहून दुसरी गोळीही थांबवली. पहाटे उठताना आधी पाय खाली सोडून बसायचं, मग उभं राहायचं, हे मावशींनी नानांच्या अंगवळणी पाडलं. दोन महिन्यांनी तेच तीन मीटर त्यांनी १४ सेकंदांत पार केले. म्हणजे धोका पुरता गेला नव्हताच. वजन दोन किलोंनी वाढलं. स्मरण मात्र निम्मंच सुधारलं : कानात यंत्र घालून घेतलेल्या चाचणीत सांगितलेल्या तीन शब्दांतले दोन आठवले, पण घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटांचे काटे नीट काढता आले नाहीत. बाईंनी तेही तसंच लिहिलं. उदासीचं म्हणाल तर आई गेल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ‘गोळीमुळे किती, एकटेपणामुळे किती, अजून सांगता येत नाही,’ ही त्या रकान्यातली नोंद.

मावशींना मी म्हटलं, तुमच्या वहीतल्या वेळांमुळे हे सापडलं. त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, “वेळ घातली नाही तर सकाळच्या बाईला कळायचं कसं, ताई?” आणि नानांच्या औषधाचं पाणी गरम करायला आत गेल्या.