सासूबाईंच्या बासष्ट साड्या



मागच्या महिन्यात चंद्रपूरहून एका ताईंचा निरोप आला. घरातली जुनी माणसं गेली की त्यांच्या कपड्यांचं करायचं काय, असं त्यांनी विचारलं होतं. आमच्याकडे सासूबाई गेल्यावर हाच प्रश्न होता. कपाटात बासष्ट साड्या निघाल्या. त्या कशा लावल्या ते आज सविस्तर लिहिते.

पहिला पर्याय अर्थातच बोहारीण. आमच्या आरमोरीत ती दिवाळीच्या आधी डोक्यावर टोपलं घेऊन येते. तिने गठ्ठा चाळला आणि दोन स्टीलचे डबे, एक परात आणि चार वाट्या पुढे ठेवल्या. बाजारात त्या भांड्यांचे नऊशे रुपये झाले असते. ती फसवते असं मी म्हणणार नाही. तिच्याकडे चांगल्या साडीला एक भाव आणि फाटक्या साडीला दुसरा, असं नसतं. गठ्ठ्यात काही चिंध्या निघणार, हे धरूनच ती सगळ्याला एक भाव लावते. तो गठ्ठा ती गावोगाव वाहते, निवडते, धुते आणि पुढे विकते. गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजातल्या कितीतरी बायकांनी या धंद्यावर संसार उभे केलेत. आपल्या गठ्ठ्यात चांगलं जास्त असेल तर मात्र एका भावात देणं आपल्याला परवडत नाही. आमच्या गठ्ठ्यात चांगलं बरंच होतं.

नागपूरच्या नणंदबाईंना फोनवर सांगितलं तर त्या थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "वहिनी, आईच्या साड्या विकायच्या?" त्यांचं चुकलं नाही. त्या येईपर्यंत मी एकाही साडीला हात लावला नाही. त्या आल्या, सगळ्या साड्या बघितल्या, एक पोपटी आणि एक जांभळी इरकल छातीशी धरून बसल्या. त्या दोन्ही त्यांच्याबरोबर गेल्या. मग म्हणाल्या, "फुकट वाटू नको. फुकटाची साडी बाई पायपुसणं करते, विकत घेतलेली जपून नेसते." आईच्या साड्या विकण्याला त्यांची परवानगी अशी मिळाली. हा टप्पा आधी करा. साडी घराबाहेर गेल्यावर हळहळ वाटली तर ती परत येत नाही.

सात साड्या रेशमी होत्या. सासूबाईंनी शेवटची वीस वर्षं रेशमाचा नियम घेतला होता. कोशातला जीव उकळत्या पाण्यात जातो, म्हणून त्यांनी ते सोडलं होतं. आमचं आरमोरी तर कोशाचं गाव, इथल्या टसरला नाव आहे. तरी त्या सुतीवरच राहिल्या. रेशमाचा व्यापार आपण करावा का, हा प्रश्न मी आमच्या महाराज साहेबांपुढे ठेवला आणि त्या सात साड्या विक्रीतून बाजूला काढल्या. दोन जावांनी नेल्या, बाकीच्या ट्रंकेत आहेत. तुमच्या घरी जुन्या रेशमी साडीला खरी जर असेल तर एवढं मात्र लक्षात ठेवा. उलट्या बाजूने जरीचा एक धागा काढा आणि नखाने खरवडा. आतला दोरा नव्हे, खरवडलेला धातूच तांबूस दिसला तर ती तांब्याची जर, तिला मोडीचा भाव नाही. पांढरी चकाकी दिसली तर चांदी असू शकते, पण तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेलीही जर मिळते, म्हणून नीट खरवडा. धागा चेपला की चपटी पट्टी राहते आणि जाळल्यावर त्याचा गोळा होतो, तर ते प्लास्टिक. दारावर येणारा माणूस अख्खी साडी वजनात घेतो आणि भाव सांगतो. चांदीचा भाव कापड जाळून उरलेल्या धातूलाच असतो, तेव्हा ओळखीच्या सोनाराकडेच जा.

उरल्या त्रेपन्न साड्या, सुती आणि सिंथेटिक.

आमच्या शेजारी शिवणकाम करणारी एक बाई आहे, फॉल-पिको आणि गोधड्या करते. तिला सोबत घेतलं. आधी प्रत्येक साडी ओसरीवर सावकाश उलगडली आणि घडी न् घडी बघितली. आपल्याकडे पडिलेहण करतात तसंच. कपाटात कसर असते, झुरळाची अंडी असतात. साडी झटकन झटकली तर जीव मरतो, हळू उलगडून सकाळच्या कोवळ्या उन्हात टाकली की ते आपसूक निघून जातात. डांबरगोळ्या मी वापरत नाही. गिऱ्हाईकही त्या वासाने साडी नाकाजवळ नेऊन खाली ठेवतं.

मग साडी उजेडासमोर धरायची. बोटाएवढी विरविरीत जागा उजेडातच दिसते, हातात कळत नाही. साडी जिथे विरते त्या जागा ठरलेल्या आहेत. टाचेजवळचा खालचा काठ, खांद्यावर पिन लागते तो पदराचा भाग आणि वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेली रेघ. घडीच्या रेघेवर दोन्ही अंगठे ठेवून हलकेच ताणायचं. चर्रर आवाज आला की ती साडी नेसायची राहिली नाही, कितीही सुंदर दिसो. आणि जुना फॉल काढल्याशिवाय काठाचा निवाडा करू नका. फॉल झिजलेला काठ झाकतो, तसाच फिका पडलेला रंगही झाकतो. फॉल उसवला की आतली पट्टी गडद दिसते, म्हणजे बाकीची साडी किती विटली ते कळतं.

सगळ्यात शेवटी पांढरा ओला रुमाल कोपऱ्यावर घासायचा. रंग लागला तर गिऱ्हाइकाला तोंडाने सांगायचं, "बाई, ही वेगळी धुवा." हे सांगितल्याने माझी एकही साडी राहिली नाही. न सांगता विकली असती तर तिच्या घरच्या चार कपड्यांवर रंग चढला असता आणि ती परत आली नसती.

डागांचं थोडक्यात सांगते. हळदीच्या डागावर साबण लागला की तो लाल होतो, घाबरू नका. धुऊन दोन दिवस उन्हात टाका, ऊन हळद खातं. पिनेच्या गंजाचा डाग सुती साडीवर लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवला की जातो. काखेतला पिवळेपणा ब्लीचिंगने जास्त वाढतो, तिथे काही करू नका. ब्लाऊज मी साडीबरोबर विकलेच नाहीत. ज्यांच्या शिवणीत माया भरपूर होती ते वेगळे काढले, कारण ते उसवून दोन इंच वाढवता येतात.

दुरुस्तीत मला आवडलेली युक्ती शेजारच्या बाईची. खालचा काठ झिजलेला, पण विणीतच रंग असलेली, दोन्ही बाजू सारख्या दिसणारी सुती साडी असेल तर ती उलटी करून वरचा काठ खाली घ्यायचा. कमरेत खोचलेला काठ नवाच असतो. छापील साडीला हे चालत नाही, उलटी बाजू फिकी दिसते. मधेच विरलेल्या साडीला ती दांड घालते. विरलेला मीटरभर कापून दोन्ही धड टोकं जोडायची. साडी आखूड होते, पण रोवणीला जाणाऱ्या बाईला चिखलात आखूड साडीच बरी पडते. आपल्या आज्या लुगड्याला दांड घालत, त्यात नवीन काही नाही.

आता भावाचं. मी बी.कॉम. झाले ते आयुष्यभर किराणा वहीपुरतंच कामी आलं, इथे जरा जास्त आलं. साडी किती रुपयांना घेतली होती हे विसरायचं. आठवडी बाजारात आज नवी छापील साडी अडीचशेला मिळते. गिऱ्हाइकाच्या मनात तोच आकडा असतो. तेव्हा जुनी कितीही भारी असली तरी रोजच्या वापराच्या साडीला त्याच्या दोन-तृतीयांशाच्या वर भाव मिळत नाही. लग्नातल्या टिकलीच्या साडीचं गणित वेगळं. ती कोणी रोज नेसत नाही. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो, वडशाला मंडळ्या तयारीला लागतात, तेव्हा चमकणाऱ्या साड्यांना विचारणा होते. त्या साड्या मी दसऱ्यापर्यंत झाकून ठेवल्या.

वेळ भावाइतकीच महत्त्वाची आहे. रोवणीच्या आधी हातात पैसा नसतो, तेव्हा स्वस्त आणि टिकाऊ साडीच जाते. तेंदूपत्त्याचे पैसे आले, धान विकलं, की बाई शंभराऐवजी दीडशेची साडी बघते. त्याआधी विकायला बसलात तर चांगल्या साड्याही पडत्या भावात जातील.

दुरुस्तीवर किती खर्चावा याचा मी एकच हिशेब धरला. फॉलचं कापड तीस रुपये आणि लावण्याचे साठ, म्हणजे नव्वद झाले. फॉल लावल्याने साडी ऐंशीवरून एकशे वीसला जात असेल तर फॉल लावायचा नाही, साधा जुना काठ दुमडून शिवायचा. एकशे ऐंशीला जात असेल तरच लावायचा. म्हणून सगळ्यांत मिळून फक्त नऊ साड्यांना नवा फॉल लागला.

अखेर झालं असं. सतरा साड्या जशाच्या तशा किंवा फॉल लावून गेल्या, सरासरी एकशे साठला, म्हणजे दोन हजार सातशे वीस. दुरुस्तीच्या एकवीसांतल्या सोळा एकशे दहाने गेल्या, सतराशे साठ. पंधरा साड्या नेसण्याजोग्या नव्हत्या, त्यातल्या बारांच्या तीन गोधड्या झाल्या, चारशेने बाराशे. बाकी तीन फडकी. एकूण पाच हजार सहाशे ऐंशी. साबण, नीळ, दोरा दोनशे चाळीस, फॉलचं कापड दोनशे सत्तर, आणि शेजारच्या बाईची मजुरी दोन हजार एकशे तीस. हातात राहिले तीन हजार चाळीस, आणि पाच साड्या न विकलेल्या.

भांड्यांचे नऊशे आणि हे तीन हजार, असा थेट ताळा मात्र करू नका. माझे सात महिन्यांत साधारण साठ तास गेले. म्हणजे तासाला पन्नास रुपये पडले. माझ्याजवळ वेळ होता, म्हणून जमलं. नोकरी करणाऱ्या सुनेने चांगल्या वीस साड्या काढून बाकीच्या बोहारणीला दिल्या तर तेही शहाणपणाचंच. फक्त तिला निव्वळ चिंध्या देऊ नका, पुढच्या वर्षी ती तुमच्या दारावरून पुढे जाईल.

ते तीन हजार नणंदबाईंना विचारून शेजारच्या बाईला भांडवल म्हणून दिले. ती आता घरोघरी जाऊन साड्या विकत घेते, त्यात बोहारणीसारखा एक भाव लावत नाही. उजेडासमोर धरते आणि मग बोलते. परवा तिच्याकडे एक मुलगी आली, सासूबाईंची न विकलेली निळी साडी उचलून म्हणाली, "याचे किती जी?" बाईने आधी खांद्यावरचं पिनेचं भोक दाखवलं आणि मग सत्तर सांगितले. मुलीने साठ दिले आणि साडी नेली.