नवीन वाफ्याला दारं धरू नये

तर झालं असं... मंगळवारी रात्री आठला पुण्यातल्या ऑफिसात बसून मी निमोण्यात असलेल्या लेकाचा फोन लॉक केला. त्याची मॅच चालू होती. बाकीचे तिघं हरले आणि शिव्या यानं खाल्ल्या. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. शेवटी शुक्रवारी बसून चक्क पत्र लिहिलं. ते हे.

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

चूक माझी. तुझी बीजीएमआय मध्येच थांबवता येत नाही हे मला माहीत असायला हवं होतं. एरंगेलमध्ये शेवटपर्यंत टिकलं तर मॅच साधारण अर्धा तास चालते. मी नुसतं घड्याळ बघितलं.

आजोबा पाण्याच्या पाळीला काय करतात, आठव. थोडाच वेळ राहिला की कांद्याच्या नवीन वाफ्याला दारं धरत नाहीत, पण धरलेला वाफा मात्र भरून घेतात. आपलाही नियम तोच.

सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी 7 ते 8. साडेसातनंतर मोठी मॅच सुरू करायची नाही. आधी सुरू केलेली मॅच 8:05 ला संपली तरी चालेल. पाच मिनिटांत मेलास आणि साडेसात वाजले नसतील, तर दुसरी खुशाल खेळ. साडेसातनंतर हवं तर टीडीएम खेळ, ती दहाएक मिनिटांची असते. पण तीही 7:50 नंतर नाही. मग फोन आजीच्या खोलीत चार्जिंगला.

लाईट गेली, रेंज गेली, तर तो वेळ उद्यावर ढकलायचा नाही. पण त्या तासात आम्हीच तुला दुकानात पिटाळलं, तर तेवढी मिनिटं त्याच संध्याकाळी परत मिळतील. यूसी विकत घ्यायचे नाहीत, आजीचा ओटीपी तर अजिबात मागायचा नाही.

तू म्हणशील, 2023 मध्ये गेम परत आला तेव्हा अठराच्या आतल्यांना रोज तीन तास दिले होते, मग मला एकच का? अरे, ती कंपनीची कमाल मर्यादा. तुझी शाळा साडेपाचला सुटते आणि दहाला तू झोपतोस. मधल्या साडेचार तासांतून तीन गेले तर जेवण, अभ्यास आणि मैदान दीड तासात कोंबायचं का?

नियम मोडलास तर दुसऱ्या दिवशीचा तास बंद. फक्त एकच दिवस. आणि मी पुण्यातून लॉक टाकणार नाही. आजीचं भिंतीवरचं घड्याळ हाच पुरावा. महिनाअखेरीला बसून बघू. जमत नसेल तर तूही बदल सुचव.

तुझा, पप्पा.

रात्री त्याचा फोन आला. म्हणाला, "पप्पा, आजीचं घड्याळ सात मिनिटं पुढं आहे."

आज गावी आल्या आल्या पहिलं काम तेच केलं... घड्याळ मागं घेतलं.