नकाशावरचा एक ठिपका आणि पंधरा मजले

मेट्रोच्या नकाशात दोन रंगांच्या रेघा जिथं एकमेकींना छेदतात तिथं एक गोल काढलेला असतो. पुण्याच्या नकाशात तो गोल जिल्हा न्यायालय स्थानकावर आहे. लोक त्याला अजून सिव्हिल कोर्टच म्हणतात. पिंपरी-चिंचवडहून स्वारगेटकडे जाणारी जांभळी मार्गिका आणि वनाझहून रामवाडीकडे जाणारी अ‍ॅक्वा मार्गिका इथं भेटतात. मी सांगलीहून पुण्यात नोकरीला आले. घर पिंपरीत आणि कामाचं ठिकाण कल्याणीनगरला, त्यामुळे हा गोल माझ्या रोजच्या वाटेवर आला. दोन्ही गाड्यांच्या प्रवासाची मिनिटं मी वहीत मांडली होती आणि गाडी बदलायला दोन मिनिटं धरली होती. कार्यालयात मात्र दर वेळी त्याहून पुष्कळ उशिरा पोचायचे. त्यातही एखाद्या दिवशी चार मिनिटं, तर एखाद्या दिवशी अकरा. वेग तोच, गाड्या वेळेवर, आणि तरी मिनिटं कुठं जातात ते मला कळेना.

ती कुठं जातात हे समजून घ्यायला मी एका सकाळी घाई न करता, आजूबाजूला बघत गेले. तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की नकाशा वरून बघितलेला असतो आणि त्यात उंची नसते. जांभळी मार्गिका शिवाजीनगरपासून स्वारगेटपर्यंत जमिनीखालून जाते. जिल्हा न्यायालयाच्या पुढं तिला मुठा नदीखालून कसबा पेठेकडे जायचं असतं, म्हणून हे स्थानक सुमारे ३३ मीटर खोल आहे. देशातल्या सर्वांत खोल मेट्रो स्थानकांत त्याची गणना होते. अ‍ॅक्वा मार्गिका मात्र खांबांवरून जाते, तिचा फलाट रस्त्याच्याही वर. म्हणजे वरून पाहिलं तर दोन्ही मार्गिका एकाच जागी, आणि बाजूनं पाहिलं तर मध्ये जवळजवळ पंधरा मजल्यांची इमारत.

ही उंची पायांनी नव्हे, सरकत्या जिन्यानं चढायची असते आणि जिन्याचं गणित ठरलेलं आहे. तो साधारण ३० अंशांच्या कोनात बसवतात. त्या कोनात एक मीटर वर जायचं तर दोन मीटर तिरकं जावं लागतं. खालच्या फलाटापासून रस्त्यापर्यंत ३० मीटर आणि रस्त्यापासून वरच्या फलाटापर्यंत १५ मीटर असं ढोबळ धरलं, तर चढ ४५ मीटरांचा आणि तिरकी वाट ९० मीटरांची. सरकते जिने बहुतेक ठिकाणी सेकंदाला अर्धा मीटर किंवा त्याहून थोडे जास्त वेगानं चालतात. अर्धा मीटर धरला तर नुसतं पायरीवर उभं राहायलाच १८० सेकंद, म्हणजे पूर्ण तीन मिनिटं लागतात. त्यात जिना एकसलग नाही. एक टप्पा संपतो, उतरायचं, वळायचं, चार पावलं चालून पुढचा टप्पा धरायचा. मध्ये तिकीटघराचा मजला ओलांडायचा. सगळं मिळून चार मिनिटांच्या आसपास जातात, तेही पुढं कुणी आडवं आलं नाही तर.

पण सकाळी कुणी ना कुणी आडवं असतंच, आणि ते का हे कळायला मला वेळ लागला. जिन्यावर माणसं एकेक करून येत नाहीत. गाडीचं दार उघडलं की एकदम येतात. एक मीटर रुंदीच्या सरकत्या जिन्यावरून मिनिटाला फार तर शंभरेक माणसं जातात असं जिना बसवणारे धरून चालतात. एका गाडीतून दोनशे माणसं उतरून एकाच जिन्याकडे वळली, तर पहिला माणूस लगेच पाय ठेवतो आणि शेवटचा दोन मिनिटांनी. दोघं एकाच क्षणी गाडीतून उतरले आणि एकाच वेगानं चालले, तरी हा फरक पडतो.

हे मला एका रोजच्या प्रवासी आजोबांनी दाखवलं. मी डब्यात चढले तेव्हा ते म्हणाले, “ताई, सिव्हिल कोर्टला उतरायचं असेल तर या दाराशी उभ्या राहू नका. जिना त्या टोकाला उघडतो.” मी विचारलं, “एवढा फरक पडतो का, काका?” ते म्हणाले, “चालण्याचा नाही पडत. रांगेचा पडतो.” त्या दिवशी मी त्यांच्या मागं गेले आणि गर्दी जमायच्या आत जिन्यावर होते. आपल्याकडं गाडी तीनच डब्यांची, तिथं एवढं. मुंबईत आरे ते कफ परेड धावणाऱ्या भुयारी मेट्रोची गाडी आठ डब्यांची असते. तिथं चुकीच्या टोकाच्या डब्यात बसलं तर नुसता फलाट पार करायलाच दोनेक मिनिटं जातील.

रांग कमी करायला जिन्यावर चालणाऱ्यांसाठी एक बाजू मोकळी ठेवावी असं आपण समजतो. लंडनच्या होबर्न स्थानकात २०१५ साली याच्या उलट करून पाहिलं. तिथला जिना इतका उंच आहे की फार थोडी माणसं त्यावर चढत जातात आणि चालण्याची बाजू अर्धी रिकामी राहते. दोन्ही बाजूंना उभं राहायला सांगितलं तेव्हा गर्दीच्या तासाला जिन्यावरून पाव हिश्शाहून अधिक जास्त माणसं वर गेली. खोल स्थानकात हे पटण्यासारखं आहे. पंधरा मजले धावत चढणारा दुर्मीळच, आणि त्या एकट्यासाठी मोकळी ठेवलेली पायरी मागच्या सगळ्यांची मिनिटं खाते.

इथपर्यंत चालण्याचा आणि जिन्याचा हिशेब झाला. तरी चार आणि अकरा मिनिटांमधली दरी त्यानं भरत नव्हती. ती भरली दुसऱ्या गाडीच्या वाट पाहण्यानं, आणि मला वाटतं नवख्या माणसाला चकवतो तो हाच भाग.

समजा वरच्या मार्गिकेवर दर आठ मिनिटांनी गाडी आहे. माझी खालची गाडी नऊ वाजता थांबली. वरच्या गाड्या नऊ वाजून चार मिनिटांनी आणि नऊ वाजून बारा मिनिटांनी सुटणार आहेत. मी जिन्याजवळच्या दारातून उतरून भराभर गेले आणि तीन मिनिटं पन्नास सेकंदांत वर पोचले, तर चारची गाडी मिळते. गाडी बदलायला माझी चार मिनिटं गेली. आता मागच्या दारातून उतरले, रांगेत अडकले आणि पाच मिनिटं लागली, तर चारची गाडी गेलेली आणि बारापर्यंत थांबायचं. तेव्हा त्याच बदलाला बारा मिनिटं. रांगेत गेले फक्त सत्तर सेकंद, पण प्रवास लांबला आठ मिनिटांनी. वेळापत्रकात असा आकडा कुठंच सापडणार नाही, कारण त्यात गाडी फलाटावर कधी येते आणि कधी सुटते एवढंच असतं. या फलाटावरून त्या फलाटावर माणूस कधी पोचतो हे गाडीला ठाऊक नसतं.

याचा दुसरा अर्थ असा की गाड्यांमधलं अंतर जितकं जास्त, तितकी ही उडी मोठी. गर्दीच्या वेळी गाड्या लवकर येतात, म्हणून जिन्यावर रांग असूनही चुकलेल्या गाडीची किंमत कमी. दुपारी किंवा रात्री उलट घडतं. जिना मोकळा, चालणं झटपट, पण एक गाडी चुकली की बराच वेळ फलाटावर. रात्रीचा प्रवास मला सकाळच्या प्रवासाहून लांब का वाटतो हे त्यातून उलगडलं.

फोनवरचं मार्ग दाखवणारं अ‍ॅप हे का सांगत नाही, असं मी सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या भाच्याला विचारलं. तो म्हणाला, “मावशी, मेट्रो-बसची माहिती ठराविक साच्याच्या फायलींतून येते. गाडी बदलण्यासाठी त्यात `transfers.txt` नावाची फाइल असते आणि `min_transfer_time` या रकान्यात सेकंदांचा एकच आकडा लिहायचा असतो. सगळ्या दारांना, सगळ्या वयांना तोच.” जिने, लिफ्ट, तपासणीची दारं असं टप्प्याटप्प्यानं सांगायला `pathways.txt` ही वेगळी फाइल आहे, पण ती भरणं ऐच्छिक आहे. यातलं काहीच भरलेलं नसेल तर अ‍ॅपला अंदाज बांधावा लागतो. तो अंदाज नकाशावरच्या आडव्या अंतरावरून बांधला, तर एकमेकांवर रचलेल्या फलाटांमधलं अंतर जवळजवळ शून्य निघतं.

आडव्या अंतराचं उदाहरण दिल्लीत आहे. धौला कुआँ आणि दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस या स्थानकांमध्ये सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबीचा पादचारी पूल आहे आणि त्यावर २२ सरकते पट्टे बसवले आहेत. तिथं निदान अंतर डोळ्यांना दिसतं आणि माणूस मनाची तयारी करतो. दुसऱ्या टोकाला हाँगकाँगचं प्रिन्स एडवर्ड स्थानक. तिथं दोन मार्गिकांच्या गाड्या एकाच फलाटाच्या दोन बाजूंना येतात, एका दारातून उतरून समोरच्या दारात शिरायचं. पण अशी रचना दोन्ही मार्गिकांचे बोगदे आखतानाच ठरवावी लागते. एक मार्गिका नदीखालून आणि दुसरी खांबांवरून जाणार असेल, तर ती शक्यच नसते. म्हणून सिव्हिल कोर्टच्या खोलीबद्दल मला तक्रार करावीशी वाटत नाही. त्या खोलीची मिनिटं प्रवाशाला आधी समजावीत, एवढंच वाटतं.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी, तान्ह्या मुलांना घेऊन येणाऱ्यांसाठी आणि चाकाच्या खुर्चीवरच्यांसाठी हिशेब आणखी वेगळा आहे. त्यांना लिफ्ट लागते. लिफ्ट चढते पटकन, पण ती खाली येईपर्यंत थांबावं लागतं, मजल्यावर दुसरी लिफ्ट शोधून पुन्हा थांबावं लागतं, आणि आधी रांगेत उभ्या असलेल्यांना आधी जाऊ द्यावं लागतं. त्यांच्या पाच मिनिटांची सहज आठ-दहा होतात.

तुम्हीही नव्यानं मार्गिका बदलणार असाल, तर सरासरीवर विसंबू नका. पहिल्या गाडीचं दार उघडल्यापासून दुसऱ्या फलाटावर पाय ठेवेपर्यंतचा वेळ, तुम्ही ज्या वेळी जाणार त्याच गर्दीत, घड्याळ लावून मोजा. मुलाखत, परीक्षा किंवा रेल्वे गाठायची असेल, तर त्यात दुसऱ्या मार्गिकेच्या दोन गाड्यांमधलं अंतर पूर्ण मिळवा. एरवी अर्धं मिळवलं तरी चालेल. आणि उतरायच्या स्थानकात जिना कोणत्या टोकाला आहे ते एकदा बघून ठेवा आणि चढतानाच त्या टोकाचा डबा धरा.